फोटोतला टोप किती लिटरचा?

श्रावण लागला की आमच्या वाडीत भांड्यांची मोजदाद होते. वाडीची सामाईक भांडी एका खोलीत असतात. टोप, परात, डाव, पाणी भरायची पिंपं, असं सगळं. एक टोप गेल्या वर्षी बुडाला गळायला लागला, म्हणून नवा घ्यायचं ठरलं. पैसे गोळा झाले आणि खरेदीचं काम मुंबईतल्या पुतण्याकडे गेलं. तो तांबा काट्याच्या बाजारात गेला, तिथून त्याने एक फोटो पाठवला. ॲल्युमिनियमचा टोप, त्यावर लाल बाण, आडव्या बाणाशी १८ आणि उभ्या बाणाशी १२ इंच. पाठोपाठ फोन.

"काका, दुकानदार पन्नास लिटर म्हणता. घेव काय?"

"थांब. आडवो बाण खय टेकलोहा, ता आधी सांग."

वाडीचा, देवळाचा किंवा स्वतःच्या खानावळीचा टोप पहिल्यांदाच फोटोवरून निवडायची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांना हा प्रश्न आधी सुचत नाही. म्हणून त्या फोटोचा हिशोब जसा केला तसाच इथे लिहितो. हाताशी एक पट्टी आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर असला म्हणजे झालं.

आधी सरळ गणित

सरळ उभ्या भिंतीच्या टोपासाठी गणित एका ओळीचं आहे. इंचात मापं असतील तर:

व्यास × व्यास × उंची ÷ ७८ = लिटर

सेंटिमीटरमध्ये असतील तर ७८ च्या जागी १२७३ ने भागायचं.

हा ७८ कुठून आला ते एकदा समजून घ्या, म्हणजे विसरणार नाही. टोपाला चपखल बसेल असा चौकोनी डबा डोळ्यांपुढे आणा. गोल टोप त्या डब्याची साधारण साडेअठ्ठ्याहत्तर टक्के जागा घेतो, बाकीची चार कोपऱ्यांत जाते. एका लिटरमध्ये ६१ घन इंच असतात. ६१ ला ०.७८५ ने भागलं की ७८ च्या जवळ उत्तर येतं. सेंटिमीटरच्या बाबतीत लिटरमध्ये १००० घन सेंटिमीटर, म्हणून १२७३.

पुतण्याच्या टोपाला हे लावलं: १८ × १८ = ३२४, गुणिले १२ म्हणजे ३८८८, भागिले ७८ म्हणजे जवळजवळ ५०. म्हणजे दुकानदार काही खोटं बोलत नव्हता. बाणांवर लिहिलेल्या आकड्यांचं उत्तर त्याने बरोबर दिलं होतं. फक्त त्या बाणांच्या मध्ये जे होतं त्यात सगळीकडे पाणी मावणार नव्हतं.

आडवा बाण कशाला टेकलाय

टोपाचा काठ बाहेर वळवलेला असतो. धरायला बरं पडतं, झाकण बसतं आणि भांडं चेपत नाही. मोठ्या टोपाचा काठ दोन्ही बाजूंनी अर्धा-पाऊण इंच बाहेर येतो. विकणारा माणूस टेप धरतो ती बहुधा या काठाच्या बाहेरच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कारण तिथे टेपची कडी अडकते. आपल्याला हवा असतो आतला व्यास, जिथे आमटी उभी राहणार तो.

हा फरक किरकोळ वाटतो, पण व्यास गणितात दोनदा येतो. व्यासात शेकडा ५ ची चूक झाली तर लिटरमध्ये शेकडा १० ची होते. उंचीतली चूक मात्र तेवढ्याला तेवढीच राहते. म्हणून वेळ घालवायचा असेल तर तो व्यासावर घालवा.

आतला व्यास फोटोतून काढता येतो, आणि तोही विकणाऱ्याला काही न विचारता. फोटो मोबाईलवर मोठा करा. टोपाचा काठ पडद्यावर डावीकडून उजवीकडे किती मिलिमीटर दिसतो ते साध्या पट्टीने मोजा. मग काठाच्या लगेच खाली, जिथे भिंत सुरू होते, तिथली रुंदी मोजा. दोन्ही मापं आडवी आणि एकमेकांलगत आहेत. त्यामुळे कॅमेरा वरून धरला असो की समोरून, दोन्ही सारख्याच प्रमाणात लहानमोठी होतात. एकच काळजी घ्यायची: दोन मापांच्या मधे फोटो पुन्हा लहानमोठा करायचा नाही.

आमच्या फोटोत काठ ६० मिलिमीटर आला. काठाखाली भिंत ५६. बाण काठाच्या टोकांना टेकलेले होते, म्हणजे पडद्यावरचे ६० मिलिमीटर हे खरे १८ इंच. मग ५६ म्हणजे १८ × ५६ ÷ ६० = १६.८ इंच. हा झाला भिंतीचा बाहेरचा व्यास. दुकानदार पत्रा तीन मिलिमीटरचा सांगत होता. दोन बाजू धरून सहा मिलिमीटर, म्हणजे पाव इंच वजा. उरले साडेसोळा.

आता पुन्हा गणित: १६.५ × १६.५ = २७२, गुणिले १२ म्हणजे ३२६४, भागिले ७८ म्हणजे ४२ लिटरला थोडं कमी. दीड इंचाच्या फरकाने आठ लिटर गेले. आठ लिटर म्हणजे तीसेक माणसांचं सांबारं.

काही फोटोंत बाण काठाच्या आत काढलेले असतात, तेव्हा हे काही करायचं नाही, लिहिलेला आकडा तसाच घ्यायचा. आणि काही फोटोंत बाण चक्क दोन कानांच्या टोकांपर्यंत ओढलेला असतो. मी एकदा असा फोटो पाहिला. त्यात भांड्यापेक्षा कड्यांचीच रुंदी जास्त मोजली होती. तेव्हाही हीच पट्टी कामाला येते: जिथे बाण आहे ती रुंदी आणि जिथे आतली भिंत आहे ती रुंदी, दोन्ही मोजा आणि त्रैराशिक मांडा.

उंची खरी की झाकणासकट

उंचीचा बाण बघताना वरचं टोक कुठे आहे ते पाहा. झाकणाच्या मुठीपर्यंत असेल तर तीन-चार इंच फुकटचे आहेत. खाली बुडाला कडी किंवा पाय असतील तर तेही वजा.

उंची मात्र व्यासासारखी पडद्यावर सरळ मोजून चालत नाही. आपण फोटो काढतो तो उभ्याने, भांडं जमिनीवर. मग तोंड लंबगोल दिसतं आणि भिंत खरी असते त्याहून बुटकी दिसते. पण तोंड किती चपटं दिसतं यावरूनच भिंत किती बुटकी दिसते ते कळतं. तोंडाची पुढून मागपर्यंतची उंची रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी दिसत असेल तर भिंत खरीच्या ९४ टक्के दिसते. निम्म्याएवढी दिसत असेल तर ८७ टक्के. त्याहून वरून काढलेला फोटो उंचीसाठी निकामी समजा आणि दुसरा मागवा.

आमच्या फोटोत तोंडाची रुंदी ६० आणि पुढून मागपर्यंत १८ मिलिमीटर होती, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून थोडी कमी. तेव्हा भिंत साधारण ९५ टक्के दिसत असणार. पुढच्या काठापासून खाली बुडापर्यंत मोजलं तर ३५ मिलिमीटर. ३५ ला ०.९५ ने भागलं, ३७ आले. ६० मिलिमीटरला १८ इंच, म्हणजे ३७ ला ११ इंच. लिहिलेले १२. बुडाची गोलाई पुढून बघताना आत वळते, त्यामुळे इंचभर कमी दिसणं साहजिक आहे. म्हणून १२ मान्य केले. हाच आकडा ८ किंवा ९ आला असता तर मी पुतण्याला टेप घेऊन परत दुकानात पाठवला असता.

यात एक कबुली द्यायची तर ही पद्धत उंची शोधायला नाही, लिहिलेली उंची तपासायला आहे. मोबाईल टोपाच्या अगदी जवळ धरला असेल तर तोंड कॅमेऱ्याजवळ म्हणून मोठं आणि बूड लांब म्हणून लहान दिसतं. सरळ टोपसुद्धा खाली निमुळता झाल्यासारखा वाटतो. फोटो तुमच्याच माणसाला काढायला सांगत असाल तर सांगा की सात-आठ फूट मागे सर, खाली बस, मोबाईल टोपाच्या मध्यावर धर आणि झूम कर. त्या फोटोत भिंत जशी असेल तशीच दिसते.

भिंत आणि बूड

सात-आठ फुटांवरूनही टोप खाली निमुळता दिसत असेल तर तो खरोखरच निमुळता आहे. मग तोंडाचा व्यास घेऊन हिशोब करायचा नाही. तोंड आणि बूड यांच्या बरोबर मधला व्यास घ्यायचा.

हे मी खिरीने शिकलो. काही वर्षांपूर्वी सत्यनारायणाच्या पूजेला मी एक टोप निवडला होता. तोंड १६ इंच, बूड १३, उंची १०. मी १६ च धरले: २५६ × १० ÷ ७८, म्हणजे ३३ लिटर. पंचवीस लिटर खीर सहज राहील असं छातीठोकपणे सांगितलं. मधला व्यास घेतला असता तर १४.५ × १४.५ = २१०, गुणिले १० भागिले ७८, म्हणजे २७ लिटर आले असते. २७ लिटरच्या टोपात २५ लिटर खीर कडेपर्यंत येते, आणि दूध वर चढायला लागल्यावर ती कुणाचं ऐकत नाही. चूल विझली, गुळाचा करपट वास मांडवभर पसरला, आणि दर पूजेला कोणीतरी ती आठवण काढतंच.

कढईचं गणित आणखी फसवं आहे, कारण तिला उभी भिंतच नसते. २० इंच तोंडाची आणि ६ इंच खोल, गोल बुडाची कढई घ्या. सरळ गणिताने ३१ लिटर येतात. खरे मावतात १७ च्या आसपास. उथळ कढईसाठी सरळ गणिताचं उत्तर निम्मं करा आणि त्यात किंचित भर घाला. खोली तोंडाच्या निम्म्याएवढी असेल, म्हणजे कढई अर्ध्या नारळासारखी असेल, तर सरळ उत्तराचे दोन तृतीयांश घ्या.

आमचा टोप उभ्या भिंतीचा होता, पण बुडाशी गोलाई होती. ही गोलाई किती खाते याचा अंदाज लोक हमखास चुकवतात, काही जण तर तिच्यासाठी पाचवा हिस्सा वजा करतात. प्रत्यक्षात तेवढं जात नाही. गोलाई भिंतीला जिथे मिळते तिथपर्यंतची उंची फोटोत मोजली तर ती तीन इंचांच्या आसपास होती. साडेसोळा इंची टोपात तीन इंचांची गोलाई दीड लिटर खाते. ४२ मधून दीड गेले, बुडाच्या पत्र्याची जाडी म्हणून आणखी थोडं, उरले ४० लिटर. तुमचा टोप याच्या आसपासच्या मापाचा असेल तर गोलाईसाठी शेकडा ४ वजा करा, त्यापेक्षा बारीक हिशोब फोटोवरून करण्यात अर्थ नाही.

काठोकाठ किती आणि शिजवायला किती

४० लिटर हे काठोकाठ. काठोकाठ भरलेलं भांडं चुलीवर कोणी ठेवत नाही. उकळी यायला जागा हवी, डाव फिरवायला हवी, आणि दोघांनी कान धरून उतरवताना हिंदकळायलाही हवी. आमटी-सांबाऱ्यासाठी मी पाऊण टोप धरतो. दूध असेल तर त्याहूनही कमी, जेमतेम अर्ध्याच्या थोडं वर.

४० चे पाऊण ३० लिटर. आमच्याकडे गणपतीत वाडीचं जेवण असतं तेव्हा १२० पानं होतात. काळ्या वाटाण्याचं सांबारं माणशी पाव लिटर लागतं. एवढं वाढलं जात नाही, पण सांबारं भातावरही घेतात आणि मग वडे बुडवायलाही, म्हणून पाव लिटर धरलेलं बरं. १२० चे पाव म्हणजे ३० लिटर. टोप बरोबर पुरणार होता, शिल्लक मात्र काही राहणार नव्हती. पन्नासाच्या भरवशावर १५० पानांचं मनात धरलं असतं तर टोप कडेपर्यंत आला असता.

इथे एक सोय करून ठेवा. सरळ भिंतीच्या टोपात दर इंचाला किती लिटर ते काढून ठेवलं की पुढे वर्षभर गणित लागत नाही. आपले ४२ लिटर १२ इंचांत होते, म्हणजे इंचाला साडेतीन. ३० लिटरसाठी इंच किती? बुडाच्या गोलाईत गेलेले दीड लिटर आधी मिळवायचे, साडेएकतीस झाले, त्यांना साडेतीनने भागायचं. ९ इंच. म्हणजे बुडापासून ९ इंच चढलं की ३० लिटर झाले, आणि काठाखाली ३ इंच मोकळे राहिले. भरताना हंडे-कळश्या मोजत बसायला नको.

आणि वजन विसरू नका. ३० लिटर सांबारं म्हणजे तीस किलोच्या वर, त्यात टोपाचं वजन. कान रिबिटांनी पक्के आहेत की नुसते चिकटवलेत, हे फोटोत मोठं करून बघा. नाही दिसलं तर कानाचा वेगळा फोटो मागा.

पाण्याने ताळा

पुतण्याला मी सांगितलं, टोप घे, पण पन्नासाचा म्हणून नको, चाळीसाचा म्हणून घे. त्याने दुकानदाराला साडेसोळाचा हिशोब मांडून दाखवला. दुकानदाराने मान डोलावली, भावात मात्र काही सोडलं नाही, कारण टोप वजनावर विकला जातो, लिटरवर नाही. त्यालाही माझं काही म्हणणं नव्हतं.

टोप गावात आला की पाणी ओतून बघायचं, हे न चुकता करा. फोटोवरचा अंदाज शेकडा ५ इकडेतिकडे झाला तर तो चांगला अंदाज. दहाच्या वर चुकला तर व्यास कुठेतरी चुकलाय असं समजून आधी तोच बघा. पाणी ओतताना टोप सपाट जागी ठेवा. अंगणाला उतार असेल तर एका बाजूने सांडायला लागतं आणि टोप आहे त्याहून लहान ठरतो. मापाला पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार बरा पडतो. बादल्यांवर विसंबू नका, वीस लिटरची म्हणून घेतलेली बादली कडेपर्यंत भरल्यावरच वीसची होते, आणि कडेपर्यंत भरलेली बादली कोणी न सांडता उचलत नाही.

गणपतीच्या आठ दिवस आधी टोप आला. मांगरासमोरच्या सारवलेल्या खळ्यात एक फळी सपाट करून त्यावर ठेवला. पहिला जार रिकामा झाला तेव्हा पट्टी बुडवून पाहिली, सहा इंचांच्या थोडं वर पाणी होतं. गणिताने २० लिटरला ६.१ इंच यायला हवे होते. दुसरा जार ओतता ओतता पाणी काठाला लागलं आणि जारच्या तळाला तांब्याभर उरलं. म्हणजे ४० ला थोडं कमी.

मग ढवळायचा लाकडी दांडा टोपात उभा धरला, बुडापासून ९ इंचांवर खिळ्याने खाच पाडली आणि पुतण्याला दाखवली. "ह्याच्या वर सांबारा जावचा न्हाय," म्हटलं. त्याने त्या खाचेचाही फोटो काढला.